फोन काकूंनी उचलला तर

मोबाइल आल्यापासून प्रत्येकाचा फोन ज्याच्या-त्याच्या खिशात असतो, म्हणून मित्राला फोन लावला की मित्रच उचलणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मराठी घरात तसं होत नाही. मुलगी अंघोळीला गेलेली असते आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला असतो. मुलगा गाडी चालवत असतो आणि शेजारी वडील बसलेले असतात. फोन वाजत राहिला तर आई उचलते, कारण कुणाचं तरी काम असेल असं तिला वाटतं. महाराष्ट्रात नुकतेच आलेले, मराठी बऱ्यापैकी समजणारे पण अजून जपून बोलणारे लोक नेमके इथे अडखळतात. मी गेली काही वर्षं अशा लोकांना बोली मराठी शिकवते. "सर, मॅडम, दुकानदार, रिक्षावाला, सगळ्यांशी जमतं, पण मैत्रिणीच्या आईने फोन उचलला की काय बोलू?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत येतो. त्याचं उत्तर इथे क्रमाने लिहिते.

फोन लावण्याआधी एक प्रश्न विचारून ठेवा

तुमच्या मित्राला आधीच विचारा, "तुझ्या आईबाबांना तुझे मित्र काय हाक मारतात?" एवढं विचारलं की अर्धं काम होतं.

पुण्यात आणि बहुतेक शहरांत उत्तर येईल, काका आणि काकू. मुंबईत आणि कोकणात बऱ्याच घरांत काकूची काकी होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत मित्राच्या आईला सरळ आई म्हणणारे किंवा मावशी म्हणणारे खूप भेटतील. वडिलांचं तर घराघरात वेगळं असतं. घरातली मुलं त्यांना अण्णा, दादा, आबा, तात्या किंवा भाऊ म्हणत असतील, तर मित्रही पुष्कळदा तेच म्हणतात. मावशी या शब्दाबद्दल मात्र जरा थांबून विचार करा. काही घरांत तो काकूपेक्षा जवळचा वाटतो. शहरात मात्र घरकामाला येणाऱ्या बाईंनाही मावशीच म्हणतात, त्यामुळे ओळख नसताना फोनवर तो शब्द वापरला तर समोरच्या बाईंना क्षणभर कळत नाही, आपल्याला कोण समजून बोलतंय. मित्राने सांगितलं असेल तरच मावशी म्हणा, नाहीतर काकू. आंटी म्हटलं तर कुणी रागवणार नाही, पण तुम्ही मराठीत बोलताय हे कळण्याच्या आधीच तुम्ही मराठीबाहेर गेलेले असता आणि पुढचं बोलणं हिंदीत वळण्याची शक्यता वाढते.

मित्राचं खरं नावही माहीत करून घ्या. ऑफिसात किंवा कॉलेजात सगळे ज्याला पक्या म्हणतात, त्याच्या आईला "पक्या आहे का?" विचारू नये. प्रकाश म्हणावं. उलट बाजूनेही तेच. घरात त्याला बाळू म्हणतात हे तुम्हाला कळलं असेल, तरी ते नाव घरच्यांचं आहे. तुम्ही प्रकाशच म्हणा.

पहिलं हॅलो ऐका, मग बोला

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या भाषेच्या नसतात, घाईच्या असतात. स्क्रीनवर मैत्रिणीचं नाव असतं म्हणून आपण तिकडचं "हॅलो" पुरतं ऐकून न घेताच सुरू होतो. आई आणि मुलीचा आवाज फोनवर कितीतरी वेळा अगदी सारखा येतो. बाप-लेकाचंही तसंच. कॉलेजात असताना मी एकदा मैत्रिणीला फोन लावला, हॅलो ऐकलं आणि थेट आमच्या एका सरांबद्दलची तक्रार सांगायला लागले. दोन मिनिटांनी तिकडून शांतपणे उत्तर आलं, "मी तिची आई बोलतेय." त्या रागावल्या नव्हत्या, पण पुढे त्यांच्या घरी जाताना मला बरेच दिवस संकोच वाटायचा.

त्यामुळे हॅलो ऐकल्यावर तुम्हीही फक्त "हॅलो" म्हणा आणि श्वासभर थांबा. आई असेल तर बहुधा तीच सांगते, "अगं, मृणाल अंघोळीला गेलीय" किंवा "मी आई बोलतेय." काहीच सांगितलं नाही आणि तुम्हाला खात्री नाही, तर "हॅलो, मृणाल?" एवढंच विचारा. या एका शब्दाने काही बिघडत नाही.

आवाज खूप थकलेला, सावकाश असेल तर आजी किंवा आजोबाही असू शकतात. तेव्हा काकू म्हणण्याची घाई नको. नुसतं "नमस्कार" म्हणा, त्या स्वतःच सांगतील.

नमस्कार आणि लगेच स्वतःचं नाव

आवाज घरच्या मोठ्या माणसाचा आहे हे कळलं, की पुढचं वाक्य ठरलेलं आहे:

"नमस्कार काकू, मी रितू बोलतेय, मृणालच्या ऑफिसातली."

पुरुष बोलत असेल तर "मी अमित बोलतोय." बाई "बोलतेय" म्हणते, पुरुष "बोलतोय" म्हणतो, आणि हा फरक फोनवर चेहऱ्यापेक्षा जास्त कामाचा असतो. कुणाकुणाच्या तोंडी "बोलतीये" असंही ऐकू येईल, ते चुकीचं नाही.

या वाक्यात तीन गोष्टी आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नये: नमस्कार, तुमचं नाव, आणि तुम्ही त्यांच्या मुलीला कशामुळे ओळखता. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. "मी मृणालची मैत्रीण" म्हटल्याने आईला काही कळत नाही, कारण मैत्रिणी दहा असतात. ऑफिसातली, क्लासमधली, वरच्या मजल्यावरची, असं काहीतरी सांगितलं की त्यांच्या डोक्यात तुम्ही जागेवर बसता. एकदा भेट झालेली असेल तर ती आठवण करून द्या: "मागे गणपतीला तुमच्याकडे आले होते." मराठी घरात माणसं अशीच लक्षात राहतात, कुठल्या सणाला कोण आलं होतं यावरून. "ओळखलंत का?" मात्र विचारू नका. ओळखलं नसेल तर समोरच्या मोठ्या माणसाला "नाही" म्हणावं लागतं, आणि तसं म्हणायला त्यांनाही अवघड जातं.

आणखी एक गोष्ट करू नका. स्वतःचं नाव सांगण्याआधी "कोण बोलतंय?" विचारू नका. घर त्यांचं आहे, फोन त्यांच्या मुलीचा आहे, आणि लावलाय तुम्ही. तो प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांचा. मनात गोंधळ झाला तरी आधी आपलं नाव सांगा, की समोरून आपोआप उत्तर येतं.

नमस्काराबद्दल थोडं. "नमस्कार" महाराष्ट्रात कुठेही, कुठल्याही घरात चालतो, म्हणून सुरुवात त्यानेच करा. पण समोरून वेगळं काही येऊ शकतं. खेड्यात "राम राम" येईल, वारकरी घरात "रामकृष्ण हरी" येईल, आंबेडकरी घरात "जय भीम", जैन घरात "जय जिनेंद्र", मुसलमान घरात "सलाम." त्यांनी जे म्हटलं तेच परत म्हणा. आडनावावरून अंदाज बांधून आपणहून सुरुवात मात्र करू नका, अंदाज चुकला तर ते फार टोचतं.

आता गप्प राहा

नाव सांगून झाल्यावर लगेच "मृणाल आहे का?" असं एका दमात विचारू नका. मधे एक जागा सोडा. ही जागा काकूंची आहे. तिथे त्या "हां हां, रितू, बोल गं" म्हणतील, किंवा "अगं, कशी आहेस?" म्हणतील, किंवा नुसतं "हं" म्हणतील. दोन सेकंदांचंच काम आहे, पण ती जागा सोडली नाही तर काकूंना वाटतं, आपण घरातली माणसं नसून नुसते फोन जोडून देणारे आहोत. माझ्या विद्यार्थ्यांना शब्द लवकर येतात, हे थांबणं यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही तुम्ही-तुम्हाला करत राहाल आणि काकू तुम्हाला "तू" म्हणतील, "अगं", "अरे" म्हणतील. तुम्ही चाळिशीचे असलात तरी म्हणतील. नवख्या माणसाला, विशेषतः लखनौकडच्या अदबीत वाढलेल्या माणसाला, हे पहिल्यांदा खटकतं. पण मुलांच्या बरोबरीच्या माणसाला मराठी आई असंच बोलावते. सुरुवातीला "तुम्ही" म्हणणाऱ्या काकू दुसऱ्या-तिसऱ्या फोनला "तू"वर आल्या, तर त्याचा अर्थ त्यांनी तुम्हाला घरातलं धरलं. तुम्ही मात्र "तुम्ही"च धरून ठेवा. "आपण कशा आहात" इतकं लांबही जायला नको, ते भाषणात शोभतं.

कशा आहात, कसे आहात

पहिल्याच फोनला, कधी भेट झालेली नसताना, खुशाली विचारायलाच हवी असं नाही. नाव, ओळख आणि तो थांबा एवढं पुरतं. दुसऱ्या फोनपासून मात्र विचारायची.

काकूंना: "कशा आहात?"
काकांना: "कसे आहात?"

बाहेरून आलेले बहुतेक जण बाईंनाही "कसे आहात" म्हणतात, कारण आदर दाखवायचा म्हणजे पुरुषी रूप वापरायचं असं त्यांच्या कानात बसलेलं असतं. मराठीत आदरातही बाई बाईच राहते. काकू कशा आहात, आजी कशा आहात. "कशी आहात" ही दुसरी चूक, अर्धी तू-वाली आणि अर्धी तुम्ही-वाली. बरी बातमी अशी की बाकीच्या रोजच्या प्रश्नांत हा फरकच नसतो. "जेवलात का?", "चहा झाला का?", "काय करताय?" ही वाक्यं काका-काकू दोघांनाही सारखीच. म्हणून "कसे-कशा"ची भीती वाटत असेल तर "काकू, चहा झाला का?" विचारा.

घरात कुणी आजारी होतं हे तुम्हाला माहीत असेल, तर आधी तेच विचारा: "आजींची तब्येत कशी आहे आता?" ते सोडून नुसतं "कशा आहात" विचारलं तर काकूंना कोरडं वाटतं.

त्या उलट विचारतील, "जेवण झालं का तुझं?" उत्तर, "हो काकू, झालं. तुमचं?" खरोखर जेवला नसाल तरी फोनवर "नाही" म्हणू नका, त्या पाच मिनिटं काळजी करत बसतील. आणि त्या बोलत असताना मधून मधून "हो काकू", "हं", "हो का" असं म्हणत राहा. फोनवर मराठी माणूस शांततेला घाबरतो, त्याला वाटतं लाइन तुटली.

मग मैत्रिणीला मागा

"मृणाल आहे का घरी?"
"जरा फोन देता का तिला?"

दुसऱ्या वाक्यात "जरा" आणि शेवटचं "का" या दोन्हींत सगळी नम्रता आहे. "मृणालला फोन द्या" हे व्याकरणाने आदरार्थी असलं तरी कानाला हुकूम वाटतं. "प्लीज" लावून ते सुधारत नाही. "जरा" लावलं की सुधारतं. मृणालबद्दल बोलताना "त्या आहेत का" म्हणू नका, आईसमोर तिच्या मुलीला "ती"च म्हणायचं.

आता हे सगळं एकत्र करून बघू. समजा रितू लखनौहून पुण्यात नोकरीला आली आहे आणि मृणाल तिच्या ऑफिसात आहे. शनिवार आहे, सकाळचे ११ वाजले आहेत.

"हॅलो."
"हॅलो, मृणाल?"
"नाही, मी तिची आई."
"नमस्कार काकू, मी रितू बोलतेय, मृणालच्या ऑफिसातली. हळदीकुंकवाला आले होते."
"हां, रितू! बोल गं. कशी आहेस?"
"मी छान. तुम्ही कशा आहात?"
"बरी आहे. चाललंय आपलं."
"मृणाल आहे का घरी? जरा फोन देता का तिला?"
"अगं, ती भाजी आणायला गेलीय, फोन इथेच विसरून."
"अच्छा. मग आल्यावर फोन करायला सांगाल का? तसं काही घाईचं नाही."
"सांगते हं. आणि घरी ये एकदा."
"हो काकू, येते नक्की. ठेवते हं."
"बरं."

साधारण अर्ध्या मिनिटाचं बोलणं. त्यात मृणाल घरी नाही कळल्यावर रितूने "कुठे गेलीय?" विचारलं नाही, हे बघा. काकूंनी आपणहून सांगितलं ती गोष्ट वेगळी. "साधारण कधी येईल?" विचारायला हरकत नाही. "कुठे" आणि "कुणाबरोबर" या चौकश्या वाटतात. निरोप ठेवायचा तर एकच आणि छोटा ठेवा. "उद्याची मीटिंग दहाची आहे एवढं सांगाल का?" इतका निरोप काकूंच्या लक्षात राहतो. तीन गोष्टी सांगितल्या तर त्या कागद-पेन शोधायला उठतील.

"तसं काही घाईचं नाही" हे वाक्य नुसतं शिष्टाचाराचं नाही. आईवडिलांच्या मनात अनोळखी फोन आला की काळजी येते. रात्री साडेदहाला फोन करायची वेळ आलीच, तर नमस्कारानंतरचं पहिलं वाक्य "काकू, काळजीचं काही नाही" हेच हवं, नाव त्याच्यानंतर आलं तरी चालेल. दुपारी एक ते चारच्या मधे शक्यतो फोन टाळा, पुष्कळ घरांत जेवून पडायची वेळ असते. केलाच तर "झोपमोड नाही ना केली काकू?" विचारा. आणि त्या "नाही गं" म्हणाल्या तरी लवकर आवरा.

फोन काकांनी उचलला तर

वाक्यं तीच, पण लांबी कमी. बरेच काका फोनवर मोजकं बोलतात. "हं, बोला" म्हणतात आणि थांबतात. त्याला रागावले समजू नका. "नमस्कार काका, मी अमित बोलतोय, मृणालच्या ऑफिसातला. ती आहे का घरी?" एवढ्यावर बहुधा "थांबा, देतो" येतं. खुशालीचा प्रश्न त्यांनी विचारला तरच परत विचारा.

मुलगा मुलीच्या घरी फोन करत असेल आणि वडिलांनी उचलला, तर दोन गोष्टी जास्त पाळा. आपलं पूर्ण नाव आडनावासकट सांगा, आणि कामाचं कारण त्यांनी विचारण्याआधी एका वाक्यात सांगा: "सोमवारच्या प्रेझेंटेशनबद्दल बोलायचं होतं." हे अन्याय्य वाटेल. मुलींनी मुलाच्या घरी फोन केला तर त्यांना इतकं सांगावं लागत नाही, असं माझे विद्यार्थी म्हणतात, आणि ते सगळ्याच घरांबद्दल खरं नाही, पण पुष्कळ घरांबद्दल आहे. नाव झाकून, तुटक बोलून जो फोन होतो त्याने मात्र नंतर मुलीलाच घरी दहा प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. पूर्ण नाव सांगणाऱ्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही.

ठेवताना

मराठीत घरातून निघताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात, हे तुम्ही ऐकलं असेल. फोनवर "ठेवतो हं", "ठेवते हं" म्हणायचं. "धन्यवाद" म्हटलं तर काकू हसतील, तो शब्द सभेतला आहे. "थँक्यू काकू" चालतं, पण "बरं काकू" किंवा "अच्छा काकू" एवढंही पुरतं. "घरी ये" म्हटल्यावर "बघू" किंवा "वेळ मिळत नाही हो" म्हणू नका. "हो, येते नक्की" म्हणा. त्या तारीख ठरवत नाहीत, तुम्हीही ठरवू नका.

"ठेवते हं" म्हटल्यावर लगेच लाल बटण दाबू नका. त्यानंतरही काकूंचं एखादं वाक्य हमखास उरलेलं असतं, "अगं, आणि तुझ्या आईची तब्येत कशी आहे?" असं काहीतरी. त्यांच्याकडून फोन बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत थांबा.